रविवार, 7 डिसेंबर: बारा वर्षांखालच्या नवशिक्या मुलांच्या फुटबॉल सरावाचा आराखडा

गांधी मैदान, कोल्हापूर. सकाळी 7.15 ते 8.30.
मुलं 18, त्यांत पाच मुली. वय 8 ते 11. चार नंबरचे चेंडू 12, मार्कर 40, पिवळी बिब्स 9.

तुम्ही दोघांनी 6.50 पर्यंत पोहोचा. मैदानं आखलेली नसली की पहिली दहा मिनिटं पोरं नुसती उभी राहतात, आणि ती दहा मिनिटं पुन्हा मिळत नाहीत.

गेल्या रविवारी शेवटी नऊ-नऊचा सामना लावला, ती माझी चूक झाली. मी एका नव्या मुलीवर लक्ष ठेवून मोजलं. पंधरा मिनिटांत तिच्या पायाला चेंडू फक्त दोनदा लागला. म्हणून या वेळी सगळं तीन-तीन. गोलकीपर नाही, ऑफसाइड नाही, रांग तर अजिबात नाही.

आजचा एकच विषय: समोर गर्दी दिसली की चेंडू घेऊन वळायचं आणि मोकळ्या बाजूला जायचं. पास, शूटिंग, पोझिशन यांबद्दल आज काही बोलू नका.

आखणी
तीन मैदानं शेजारी-शेजारी, प्रत्येकी 28 पावलं लांब आणि 20 पावलं रुंद. मध्ये पाच पावलांची वाट सोडा. प्रत्येक टोकाला दोन दारं, दोन्ही कोपऱ्यांजवळ, तीन पावलं रुंद. कोपऱ्यांसह एका मैदानाला 12 मार्कर लागतील. खालचे दगड-काचा आधी उचला.

7.15, चेंडूची शिवाशिवी (12 मिनिटं)
मधल्या मैदानात सगळे. बारा जणांकडे चेंडू, सहा जण मोकळे. मोकळ्यांनी चेंडू काढून घ्यायचा, ज्याचा गेला तो लगेच पकडणारा. कुणीही बाद नाही. बाद होऊन बाहेर बसतो तोच, ज्याला सरावाची सर्वात जास्त गरज असते. दर दोन मिनिटांनी थांबवा. त्या वेळी एकच विचारा, "मोकळी जागा कुठं आहे, हात करून दाखव."

पाणी.

7.30, चार दारांचा खेळ (25 मिनिटं)
हा आजचा मुख्य खेळ, इथं घाई करू नका. तीन-तीन. प्रत्येक संघाला समोरची दोन्ही दारं. लांबून मारलेला गोल धरायचा नाही, चेंडू पायात ठेवून दारातून पार जायचं. एका दारापाशी दोघे आडवे आले की दुसरं आपोआप मोकळं पडतं. हे आपण सांगायचं नाही, त्यांना दिसू द्यायचं. चार मिनिटांचे पाच डाव, मध्ये एकेक मिनिट विश्रांती. चेंडू बाहेर गेला की जागेवरून पायानं आत घ्यायचा.

तिसऱ्या डावानंतर सगळ्यांना जवळ बोलवा आणि विचारा, "उजवं दार बंद होतं, मग काय केलंस?" उत्तर पोरांनाच देऊ द्या. कुणी वळून दाखवलं तर त्याचंच करून दाखवू.

दोनदा वळूनही जमत नसेल, तर त्या मैदानाची रुंदी पाच पावलं वाढवा. फार सोपं जात असेल तर दारं दोन पावलांची करा. चालू खेळात "पास दे, पास दे" म्हणून ओरडू नका. पोरगं आपल्याकडे बघतं आणि चेंडू जातो.

पाणी. तोवर एकाने कोपऱ्याची दारं काढून प्रत्येक टोकाला मधोमध एकच दार लावावं.

8.00, चढती-उतरती (25 मिनिटं)
पाच मिनिटांचे चार सामने, तीन-तीन. आता मारून गोल चालेल. डोक्यानं चेंडू मारायचा नाही. जिंकलेला संघ एक मैदान वर, हरलेला एक खाली, बरोबरी झाली तर छापा-काटा. दोन सामन्यांत बरोबरीची मुलं आपोआप समोरासमोर येतात आणि बुजरी मुलंही चेंडू मागायला लागतात. संघ मी पाडून आणतो, पोरांना निवडायला लावू नका. शेवटी राहिलेल्याचा चेहरा मी लहानपणी पाहिला आहे.

सतरा आली तर एका मैदानात तीन विरुद्ध दोन लावा, दोनच्या बाजूला तुमच्यापैकी एकजण, फक्त दोन टचवर. सोळा आली तर तिसऱ्या मैदानात दोन-दोन.

8.25, गोलाकार बसणे
शाहू स्टेडियमवर पेठांचे सामने बघून आलेली पोरं पुन्हा विचारतील, "सर, अकरा-अकरा कधी?" त्यांना खरं सांगा: आज तुझ्या पायात चेंडू जास्त वेळ राहावा म्हणून छोटं मैदान. काठावरच्या पालकांशी मी बोलतो. त्यांनी टाळ्या वाजवाव्यात, सूचना नकोत.

जाताना चेंडू मोजा, बारा. मागच्या वेळी एक गटारीत राहिला होता. आणि त्या नव्या मुलीचे टच मी पुन्हा मोजणार आहे, तुम्हीही आपापल्या मैदानातला एकेक शांत मुलगा किंवा मुलगी निवडून मोजा. आकडे घेऊन बुधवारी भेटू.