छत्तिसावा आठवडा संपला, रात्री पडल्या पडल्या स्वतःशी म्हणायचं

मी माहेरी आहे, माझ्या नागपुरात. कूलर घरघर करून राहिला, बाहेर मे महिना तापून राहिलाय, आणि मी डाव्या कुशीवर पायांमध्ये उशी घेऊन पडलीय. आत्ता या मिनिटाला मला एवढंच करायचंय.

एक हात पोटावर. श्वास हळूच आत, त्याहून हळू बाहेर.

बाळा, तू हलतोयस की हलतेयस माहीत नाही, पण मला कळतंय. शेजारच्या काकूंनी पोटाचा आकार पाहून निकाल सांगून टाकलाय, तो आपण त्यांच्याकडेच ठेवू.

पोट मधेच कडक होतं आणि सैल पडतं. मी घाबरत नाही, मी उठते, पाणी पिते, कूस बदलते. थांबलं तर सरावाच्या कळा असतील. वाढतच गेलं, ठरावीक वेळाने यायला लागलं, तर मी फोन करीन. पाणी गेलं, रक्त दिसलं, बाळाची हालचाल कमी वाटली तर मी सकाळची वाट पाहणार नाही, रात्रीचे तीन वाजले असले तरी आईला उठवीन आणि लगेच दवाखान्यात फोन लावीन. त्रास देतेय असं मनात आणणार नाही.

तारीख ही अंदाजाची आहे. त्याच दिवशी येणारी बाळं थोडीच असतात. "झालं का गं?" म्हणून रोज फोन येतात तर येऊ देत, सगळ्यांना उत्तर द्यायला मी बांधील नाही, आई उचलेल नाहीतर वाजून वाजून बंद होईल.

नॉर्मल होईल, सिझर होईल, मला आज माहीत नाही आणि माहीत नसताना पण मी शांत बसू शकते. मला आशा आहे, खूप आहे. दोन्हीतलं काहीही झालं तरी मी कमी आई ठरत नाही. दुखणं सहन होईना तर मी ओरडीन, दुखणं कमी करायला काय आहे ते विचारीन, डॉक्टर मॅडमना तेच ते प्रश्न परत विचारीन.

मला भीती वाटते. वाटू दे. भीती वाटणारी बाई पण बाळंत होते, माझी आजी झाली, आई झाली, आणि आई म्हणते तिला तर डॉक्टरचं नाव ऐकूनच रडू यायचं.

माझी बॅग भरलेली आहे. फाइल आहे, रक्तगटाचा रिपोर्ट आहे, आजीच्या जुन्या लुगड्याची मऊ दुपटी धुऊन उन्हात वाळवून ठेवलीत. 108 नंबर फ्रिजवर लिहिलाय. हे पुण्याहून निघतील तेव्हा निघतील, उशीर झाला तरी माझ्याजवळ आई आहे, दादाची गाडी दारात आहे.

मी एकटी नाही. जे माझ्या हातात होतं ते मी केलंय, आणि आज काही ठरवायचं उरलेलं नाही. झोप लागली तर झोपीन, नाही लागली तर नुसती पडून राहीन, तेवढा आराम पण आराम असतो.