मालमत्ता कराच्या नोंदीत मालकाचे पूर्ण नाव दुरुस्त करण्याबाबत अर्ज

दिनांक : 12 जून 2025

प्रति,
मा. मुख्याधिकारी,
नगरपरिषद कार्यालय (मालमत्ता कर विभाग)

अर्जदार : श्रीमती सुलोचना दत्तात्रय पाटणकर, वय 68, राहणार गणपती आळी, प्रभाग 3

विषय : मालमत्ता क्रमांक 3/214 च्या आकारणी नोंदीत मालकाचे नाव ‘सुलभा डी. पाटणकर’ ऐवजी ‘सुलोचना दत्तात्रय पाटणकर’ असे करण्याबाबत.

महोदय,

गणपती आळीतील वरील क्रमांकाचे, नगर भूमापन क्रमांक 1187 वरील राहते घर मी दिनांक 22 नोव्हेंबर 1996 रोजी नोंदणीकृत खरेदीखताने माझ्या स्वतःच्या नावे विकत घेतले असून, तेव्हापासून आजतागायत या घराची मालकी व वहिवाट माझ्याकडेच आहे. खरेदीखत, सूची क्रमांक 2 आणि मिळकत पत्रिका या तिन्ही कागदांवर माझे नाव ‘सुलोचना दत्तात्रय पाटणकर’ असेच आहे. मात्र सध्याच्या कर मागणी बिलावर आणि आकारणी उताऱ्यावर मालक म्हणून ‘सुलभा डी. पाटणकर’ हे नाव येत आहे.

सुरुवातीच्या वर्षांच्या पावत्या मी जपून ठेवलेल्या आहेत. त्या हाताने लिहिलेल्या असून त्यांवर माझे पूर्ण नाव, पतीच्या नावासह, स्पष्ट वाचता येते. पुढे संगणकावर छापलेली बिले येऊ लागली, त्यांतील पहिल्या बिलापासून ‘सुलभा डी.’ अशी नोंद दिसते. दोन्ही पावत्यांवरील मालमत्ता क्रमांक, घराचे वर्णन आणि पत्ता एकच आहे. बदललेले आहे ते केवळ नाव. जुनी नोंदवही काढून पाहिल्यास ही बाब आपल्या कार्यालयातच पडताळता येईल, अशी माझी विनंती आहे.

ही केवळ अक्षरांची चूक असती तरी ती दुरुस्त व्हायला हवी होतीच, परंतु येथे अडचण त्याहून मोठी आहे. माझ्या थोरल्या जाऊबाईंचे नाव सुलभा दिगंबर पाटणकर असून त्या याच आळीत, मालमत्ता क्रमांक 3/216 मध्ये राहतात. ‘सुलभा डी. पाटणकर’ हे नाव वाचणाऱ्या कोणालाही माझे घर त्यांचेच वाटेल, आणि त्यात त्या वाचणाऱ्याचा दोष नाही. आम्हा दोघींमध्ये या घराबद्दल कोणताही वाद नाही. मालमत्ता क्रमांक 3/214 वर आपला कोणताही हक्क वा हितसंबंध नाही आणि नाव दुरुस्तीस आपली हरकत नाही, असे प्रतिज्ञापत्र त्यांनी स्वतःहून करून दिले आहे. आम्ही दोघी हयात असताना, आपापल्या तोंडाने खरे काय ते सांगू शकत असताना ही नोंद नीट व्हावी, पुढच्या पिढीतील मुलांना त्यासाठी वारसांच्या सह्या गोळा करत फिरावे लागू नये, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. शिवाय घराचे छप्पर पावसाळ्यानंतर दुरुस्त करावयाचे असून, त्यासाठीच्या कर्जाला बँकेने खरेदीखताशी जुळणारा आकारणी उतारा मागितला आहे.

हा अर्ज हस्तांतरणाचा नाही, हे कृपया लक्षात घ्यावे. मालकी बदललेली नाही, घराच्या क्षेत्रफळात किंवा वापरात बदल नाही, त्यामुळे कराच्या रकमेतही फरक पडण्याचे कारण नाही. सन 2024-25 अखेर कराची कोणतीही थकबाकी नाही. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, 1965 मध्ये आकारणी यादीत दुरुस्ती करण्याची तरतूद आहे. तिला अनुसरून, पुढील चतुर्वार्षिक आकारणीची वाट न पाहता ही दुरुस्ती आताच व्हावी.

तरी मूळ आकारणी नोंदवही व संगणकीय नोंद या दोन्ही ठिकाणी मालक म्हणून माझे नाव ‘सुलोचना दत्तात्रय पाटणकर’ असे, कोणतेही अद्याक्षर न वापरता, पूर्ण लिहावे आणि दुरुस्त नावाचा आकारणी उतारा मला द्यावा. एकाच ठिकाणी दुरुस्ती झाल्यास पुढच्या बिलावर जुनेच नाव परत छापले जाईल, म्हणून दोन्हींचा उल्लेख मुद्दाम करीत आहे. तसेच ‘सुलभा डी. पाटणकर’ या नावाने आजवर निघालेल्या पावत्या माझ्याच भरण्याच्या आहेत, अशी नोंद दुरुस्तीच्या आदेशात घ्यावी, जेणेकरून मधल्या वर्षांच्या भरण्याबद्दल पुढे शंका उरणार नाही.

अर्जासोबत खरेदीखत, सूची क्रमांक 2, मिळकत पत्रिका, माझे आधारकार्ड, 1998 ची हस्तलिखित पावती, सन 2024-25 ची पावती यांच्या स्वसाक्षांकित प्रती आणि जाऊबाईंचे मूळ प्रतिज्ञापत्र जोडले आहे. पडताळणीसाठी मूळ कागद घेऊन मी सांगाल त्या दिवशी कार्यालयात हजर राहीन. स्थळपाहणी करावयाची असल्यास आम्ही दोघीही घरी असू. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व दिनांकासह पोच मिळावी, ही विनंती.

आपली विश्वासू,

(सही)
श्रीमती सुलोचना दत्तात्रय पाटणकर