11 मेपासून खाणावळ बंद, 5 ऑगस्टला परत भेटू

नमस्कार मंडळी,

रोज जेवायला येणाऱ्या सगळ्यांना सांगायचंय की रविवार 10 मे 2026 ला रात्रीचं जेवण झालं की आपली फोंड्याची खाणावळ रिपेरीसाठी बंद होणार आहे. विकलेली नाही, भाड्याने पण दिलेली नाही, बाजारात काय काय ऐकू येतंय म्हणून आधीच क्लिअर करतो.

छपराचे वासे वाळवीने खाल्लेत. मागच्या पावसात भिंतीकडच्या दोन टेबलांवर गळत होतं, तुम्ही ताट उचलून दुसरीकडे जाऊन बसलात पण कोणी एका शब्दाने बोलला नाहीत, ते आम्ही विसरलेलो नाही. मे महिन्यात गिऱ्हाईक जास्त असतं, गावाला आलेले पाहुणे पण येतात, तरी आत्ताच बंद करतोय कारण पाऊस लागायच्या आधी वासे बदलून कौलं चढवायलाच हवीत. आतलं काम, म्हणजे किचनचा ओटा, लाद्या, वायरिंग आणि बायकांसाठी वेगळं टॉयलेट (हे खूप आधीच करायला हवं होतं), ते जून-जुलैत. 1 जून ते 31 जुलै ट्रॉलर बंदच असतात, ताजं मासं तसंही कमी मिळतं आणि बर्फातलं घालून थाळी द्यायला आम्हाला कधीच आवडलं नाही.

उघडणार बुधवारी 5 ऑगस्टला, दुपारी 12 वाजता. मुद्दाम बुधवार धरलाय, आणि 13 ला श्रावण लागतोय म्हणजे पाळणाऱ्यांना पण आठवडाभर पोटभर हुमण-शीत खाता येईल. श्रावणात नेहमीसारखी शिवराक थाळी असेलच, खतखतं, मुगागाठी, सगळं.

एसी बसवणार नाही, बार पण नाही. चिऱ्याच्या भिंती, लाकडी बाकडी तशीच ठेवतोय, फक्त पॉलिश. बसायची जागा 32 ची 40 होईल म्हणजे दुपारी दारात उभं राहायला कमी लागेल. जेवण करणाऱ्या मावशी त्याच, तिसऱ्यांचं सुकं पण तेच. फिश थाळी 180 लाच राहील, दिवाळीपर्यंत तरी वाढवणार नाही. सगळ्या स्टाफचा पगार चालू ठेवलाय, कोणी कुठे जात नाहीये.

महिन्याचे पैसे आधी भरलेले असतील त्यांनी 10 तारखेच्या आत काउंटरवर वही दाखवून उरलेले परत घ्या, किंवा ऑगस्टात वळते करू, तुम्ही सांगाल तसं. कदंबा स्टँडकडच्या खोल्यांत एकटे राहणारे जे आहेत आणि ज्या आजी-आजोबांचा डबा आपल्याकडून जातो, त्यांचा डबा बंद होणार नाही. आमच्या घरच्या किचनमधून दुपारचा एक वेळचा डबा येईल, साधाच, भात, आमटी, एक भाजी. फक्त नाव लिहून ठेवा, कारण घरी 25 च्या वर जमणार नाही आणि पहिला मान आजारी माणसांना.

शेवटच्या रविवारी जमेल तितक्यांनी जेवायला या. इसवण मिळालं तर तळू, नाहीतर बांगडा आहेच.

तुमचेच,
मालक, मावशी आणि सगळा स्टाफ