आई-बाबांना पत्र: पैसे कराडला पाठवू की इथेच ठेवू?

नागोया, 26 ऑक्टोबर 2025

प्रिय आई, बाबा,

भाऊबीजेच्या दिवशी व्हिडिओ कॉलवर बाबा म्हणाले "तिकडं व्याज नाही काही नाही, सगळे येन इकडं आण, पतसंस्थेत साडेनऊ टक्के मिळतंय, उरलेल्यात ओगलेवाडीकडं तीन गुंठे बघू". तेव्हा ओंकार मधेच फटाक्यांचं दाखवायला लागला आणि विषय तिथेच राहिला. फोनवर आकडे बोलले की बाबा तुम्ही "बरं बरं" म्हणता आणि पुढच्या रविवारी परत तेच चालू होतं, म्हणून लिहूनच पाठवतेय, चष्मा लावून निवांत वाचा.

आधी बाबांचं जे बरोबर आहे ते मान्य करते. इथल्या मोठ्या बँकांत सेव्हिंगला 0.2 टक्का व्याज मिळतं, म्हणजे माझे 14 लाख येन वर्षभर पडून राहिले तर 2800 येन, त्यात दोघांचं बाहेरचं जेवण होईल फारतर. आणि महागाई मात्र तीन टक्क्यांच्या आसपास आहे, यंदा तांदळाची पाच किलोची पिशवी चार हजार येनच्या वर गेली होती, गेल्या वर्षीच्या जवळपास दुप्पट. तेव्हा सेव्हिंगमध्ये ठेवलेला पैसा कमी होतोय हे मलाही दिसतंय. आणि मागचा इतिहासही बाबांच्याच बाजूने आहे, 2021 च्या सुरुवातीला 100 येनचे 70 रुपये मिळायचे, आज साडेसत्तावन. ज्याने तेव्हा पाठवून साधी एफडी केली त्याचं व्याजही झालं आणि घसरणही चुकली.

पण हाच हिशोब जुलै 2024 पासून केला तर उलटा येतो. तेव्हा येन एवढा पडला होता की 100 येनचे 52 रुपये मिळत होते, आमच्या ऑफिसातल्या पोरांनी घाबरून तेव्हाच पाठवून टाकले. या एप्रिलमध्ये तो 60 च्या आसपास होता. नऊ महिन्यांत पंधरा टक्के! एफडीला तेवढं मिळवायला दोन वर्षं लागतात. तेव्हा "तिकडं 0.2, इकडं बँकेच्या एफडीला 6.5, म्हणजे इकडंच फायदा" एवढं सरळ नाहीये ते, मधे भाव बसलेला आहे आणि तो कुणाचं ऐकत नाही.

मी असं मोजलं. समजा मी माझ्या नावाने एनआरई एफडी, म्हणजे परदेशात राहणाऱ्यांची भारतातल्या बँकेतली रुपयातली ठेव केली, तीन वर्षांची, साधारण साडेसहा टक्क्यांनी (भारतात त्या व्याजावर टॅक्स नाही, हे चांगलंय). तीन वर्षांनी मला ते पैसे परत येनमध्ये लागले तर तेव्हा 100 येनचा भाव 69-70 रुपयांच्या खाली असला पाहिजे, तरच मी फायद्यात. त्याच्या वर गेला की सगळं व्याज धुऊन निघालं. आणि 70 म्हणजे काही आकाशातला आकडा नाही, 2021 मध्ये तोच होता. पण हेच पैसे तिकडेच रुपयात खर्च होणार असतील तर मला भावाचं काही सोयरसुतक नाही, मग व्याज हे खरंच व्याज. म्हणून मी आता एकच बघते, हा पैसा शेवटी खर्च कुठे होणार. जो कराडमध्ये खर्च होणार तो रुपयात, जो इथे लागणार तो येनमध्ये. टक्के त्याच्या नंतर बघायचे.

तर त्या हिशोबाने पहिला नंबर माझ्या एज्युकेशन लोनचा. अजून 4 लाख 20 हजार शिल्लक आहेत, साडेदहा टक्क्यांनी. वर्षाला 44 हजार नुसतं व्याज जातंय. बाबा तुम्ही म्हणताय पतसंस्थेत साडेनऊने ठेवू, म्हणजे एका हाताने साडेनऊ घ्यायचे आणि दुसऱ्या हाताने साडेदहा द्यायचे? लोन फेडणं म्हणजे साडेदहा टक्के गॅरंटीड मिळाल्यासारखंच आहे, त्यावर टॅक्स नाही आणि पतसंस्थेचा चेअरमन पळून जायची भीतीही नाही. लोन फ्लोटिंग रेटचं आहे, आधी फेडलं तर पेनल्टी नाही, पण ओंकारला ब्रँचमध्ये पाठवून क्लोजरचा नक्की आकडा लेखी घ्यायला सांगा, तोंडी नको.

त्याला आजच्या भावाने 7 लाख 30 हजार येन लागतील, म्हणजे माझ्या सेव्हिंगमधले निम्म्याहून थोडे जास्त. थांबू का भाव वाढेपर्यंत? नवीन पंतप्रधान ताकाइची बाई आल्यात तेव्हापासून येन आणखी खाली सरकतोय आणि 29-30 तारखेला बँक ऑफ जपानची मीटिंग आहे, व्याजदर सध्या 0.5 आहे तो वाढवला तर येन वर जाईल असं सगळे बोलतायत. पण बघा, 100 येनमागे 1 रुपया वाढला तर माझे 7300 रुपये वाचतात, आणि लोनचं महिन्याचं व्याज 3700. म्हणजे दोन महिने थांबून 1 रुपया मिळाला तरी बरोबरीत सुटले, उलट गेलं तर दोन्हीकडून मार. मी निम्मे या आठवड्यात पाठवते आणि निम्मे नोव्हेंबरच्या पगारानंतर, विषय संपला. भाव गुगलवर दिसतो तो मिळत नाही हेही लक्षात ठेवा, इथली बँक फी वेगळी घेते आणि भावातही आपलं कापून घेते, मी दोन-तीन ऑनलाइन सर्व्हिसमध्ये "हातात किती रुपये पडणार" एवढाच आकडा बघून ठरवते.

दुसरं, महिन्याचे पैसे. सध्या मी वर्षाला सव्वापाच लाख येनच्या आसपास पाठवते पण ते बाबांच्या खात्यात थोडे, आईच्या थोडे, ओंकारच्या फीचे वेगळे असे जातात. इथे नियम असा आहे की परदेशातल्या आई-वडिलांवर टॅक्सची सूट पाहिजे असेल आणि ते 30 ते 69 वयाचे असतील तर त्या एका माणसाला वर्षात किमान 3 लाख 80 हजार येन घरखर्चासाठी पाठवलेले दिसले पाहिजेत, प्रत्येकाच्या नावाने वेगळे, बँकेच्या पुराव्यासकट. तिघांत वाटले की एकाचाही आकडा भरत नाही. म्हणून जानेवारीपासून घरखर्चाचे सगळे पैसे आईच्या खात्यात येतील, महिन्याला साधारण 20 हजार रुपये, म्हणजे वर्षाचे 4 लाख येनच्या वर. एवढ्यानेच माझा इन्कम टॅक्स आणि इथला रहिवासी टॅक्स मिळून 70 हजार येन वाचतात, म्हणजे 40 हजार रुपये हो! आई, हे पैसे किराणा, लाइटबिल, औषधं, जो काय घरखर्च आहे त्यातच वापर, बाबांनी मागितले तर एफडीला देऊ नकोस, हे खरंच सांगतेय. आणि माझ्या जन्मदाखल्याची नवीन प्रत नगरपालिकेतून काढून स्कॅन करून पाठवा, जपानी भाषांतर मी इथे करून घेते.

आता बाबा, पतसंस्थेचं. तुमची नोकरीतून मिळालेली 6 लाखांची ठेव तिथे आहे हे मला माहितीये, आणि तिथला मॅनेजर तुमच्या ओळखीचा आहे हेही. माणूस चांगला असेल, मी नाही म्हणत नाही. पण बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा असतो, सहकारी बँकेतल्या पण, पतसंस्थेला तो लागूच नाही. उद्या काही झालं तर मोर्चे काढत बसायचं. तुम्ही 62 चे आहात, पोस्टात सीनियर सिटिझन सेव्हिंग स्कीमला 8.2 टक्के आहेत, 30 लाखांपर्यंत ठेवता येतात, आणि आज उघडलं की पाच वर्षं तोच रेट राहतो. रिझर्व्ह बँकेने या वर्षात रेपो साडेसहावरून साडेपाचवर आणलाय, बँकांच्या एफडी खाली आल्यात, हा 8.2 कधी खाली येईल सांगता येत नाही. 6 लाखांवर तीन महिन्यांनी 12,300 रुपये हातात येतील. साडेनऊशी फरक वर्षाला 7800 रुपयांचा पडतो, तेवढे मी देते, पण मूळ रक्कम पोस्टात हलवा. मला ती स्कीम घेता येत नाही कारण मी एनआरआय, पण पुढे कधी मी तुम्हाला रक्कम दिली आणि तुम्ही ती तिथे टाकली तर चालतं, मुलीने वडिलांना दिलेल्या पैशावर तुम्हाला टॅक्स नाही.

गुंठ्यांचं राहू दे. सातबाऱ्यावर शेतजमीन असेल तर एनआरआयला विकत घेताच येत नाही, एनए प्लॉट घेता येतो पण तीन गुंठ्यांसाठी मी अर्धं आयुष्य बांधून घेणार नाही.

राहिलेले साधारण पावणेसात लाख येन, त्यातले सव्वाचार लाख इथेच बँकेत, 0.2 टक्क्यांनी. हसा हवं तर. नोकरी गेली तर तीन महिन्यांचं भाडं, रेशन, आणि घाईत निघायचं झालं तर तिकीट, हा पैसा व्याजासाठी नाहीच. उरलेल्यातून निसा उघडतेय, ते इथलं करमुक्त गुंतवणुकीचं खातं, 2024 पासून मर्यादा वाढवलीये, त्यात जगभरातल्या शेअर्सचा एक इंडेक्स फंड घेणार आणि महिन्याला 30 हजार येन. बाबा लगेच म्हणणार "शेअर म्हणजे सट्टा". दहा वर्षं हात लावायचा नाही अशा पैशासाठीच आहे तो, आणि त्यातल्या कंपन्या बहुतेक अमेरिकेतल्या, युरोपातल्या, म्हणजे येन पडला तरी सगळं येनवर अवलंबून नाही. भारतात परत यायचं ठरलं तर साधारणपणे ते खातं चालू ठेवता येत नाही, विकून यावं लागेल, ती गोष्ट मी मनात धरलीये. लोन संपलं की हप्त्याचे 9200 सुटतील, त्याची दर वर्षी एनआरई एफडी करत जाईन, ओंकारच्या पुढच्या शिक्षणासाठी. ते रुपयातच खर्च होणार, म्हणून रुपयात.

आई म्हणशील बाबांना एवढं सुनावलं. सुनावलं नाही गं, टीव्हीवर महागाई दीड टक्का सांगतात आणि तू खोबरेल तेलाची बाटली घेताना काय बोलतेस ते मी ऐकलंय, तुमच्या हातात पैसा कमी पडू नये एवढंच.

ओंकारला सांग सोमवारी बँकेत जाऊन क्लोजरचा कागद घे आणि बाबा तुम्ही पतसंस्थेच्या ठेवपावतीचा फोटो पाठवा, मुदत कधी संपते ते मला बघायचंय. मुदतीआधी मोडली तर किती कापतात तेही विचारा, जास्त कापत असतील तर मुदत संपेपर्यंत थांबू, पण परत रिन्यू करू नका.

तुमची,
सायली

ता.क. चकली पाठवू नका, कुरियरचे पैसे बघितले मी.