विषय: कलम १४२(१) ची नोटीस, करनिर्धारण वर्ष २०२३-२४ – सदनिकेसाठी लागलेल्या रकमेचा खुलासा

मा. आयकर अधिकारी, पुणे यांस,

महोदय,

धायरीतील सदनिका ४६,५०,००० रुपयांची. मुद्रांक शुल्क व नोंदणीसह एकूण ५०,०५,५०० रुपये लागले. त्यातले ३४,००,००० गृहकर्जाचे. ते बँकेने थेट बिल्डरच्या खात्यात भरले. कर्जखात्याचा उतारा व मंजुरीपत्र जोडले आहे.

वडिलांनी ८,००,००० आरटीजीएसने दिले. ते एसटीतून निवृत्त झाले. पासबुकाच्या ज्या पानावर ग्रॅच्युइटी जमा आहे, त्याच पानावर तीन ओळींखाली माझ्या नावे रक्कम वर्ग झालेली दिसते. आईने मुदत ठेव मोडून ३,००,००० चा धनादेश दिला. दोघांची बक्षीसपत्रे, पॅन व बँक उतारे सोबत आहेत. आई-वडिलांकडून मिळालेली ही भेट कलम ५६(२)(x) नुसार करपात्र नाही.

उरलेले ५,०५,५०० माझ्या पगारखात्यातील बचत. रोख एक रुपयाही दिलेला नाही.

प्रत्येक रकमेचा उगम कागदोपत्री असल्याने कलम ६९ लावू नये. तरीही भर घालण्याचे योजल्यास आधी कारणे दाखवा नोटीस द्यावी व व्हिडिओ सुनावणीची संधी मिळावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
करदाता