डाळिंबी रॉ सिल्कचा जरदोजी लेहंगा, ब्लाऊज आणि अबोली ओढणी: लेहंगा दोनदा घातलेला, आत माया शिल्लक, १७,५०० रुपये (पुणे, कोथरूड)

माझ्या रिसेप्शनचा लेहंगा विकते आहे. लग्नात अष्टपुत्री आणि शालू नेसले होते, हा संध्याकाळी घातला. डिसेंबर २०२२ मध्ये दिल्लीला चांदनी चौकात जाऊन आणला. तेव्हा ४६,००० रुपये पडले, नंतर पुण्यात शिलाईवर आणखी ३,२०० गेले. दोन्हींची बिलं आहेत. नणंद माझ्यापेक्षा चांगली चार इंच उंच आहे, तिला हा होणार नाही, आणि नुसता कपाटात पडून राहिला तर जर काळी पडेल. कोणीतरी तो अंगावर घालावा एवढ्यासाठी देते आहे.

खाली बरंच लिहिलं आहे, पण कृपया पूर्ण वाचा. माझ्या मावसबहिणीने साखरपुड्यासाठी वापरलेला घागरा घेतला होता. फोटोत सुरेख दिसत होता. कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी शिंप्याने उसवला तेव्हा कळलं की आतली माया आधीच कापून टाकलेली होती. शेवटी कमरेला वेगळ्या कापडाची पट्टी जोडावी लागली आणि ती पूर्ण वेळ ओढणीने कंबर झाकत होती. तुमच्यावर ती वेळ येऊ नये, म्हणून आतून काय आहे ते आधी सांगते.

किती वेळा घातला: लेहंगा दोनदा. पहिल्यांदा १९ फेब्रुवारी २०२३ ला रिसेप्शनमध्ये, साडेसहा ते अकरा. तेव्हा बहुतेक वेळ स्टेजवर उभीच होते. दुसऱ्यांदा डिसेंबर २०२३ मध्ये नाशिकला दिराच्या संगीतात, साधारण तीन तास, आणि तिथे भरपूर नाचले. ओढणी याच दोन वेळा. ब्लाऊज तीनदा, कारण एप्रिल २०२४ मध्ये चुलतबहिणीच्या साखरपुड्याला तो साध्या साडीवर घातला होता. याशिवाय शिंप्याकडे आणि घरी ट्रायलसाठी सहा-सात वेळा पाच-दहा मिनिटं अंगावर चढवला आहे. भाड्याने कधीच दिलेला नाही.

कापड आणि काम: लेहंगा आणि ब्लाऊज रॉ सिल्कचे आहेत. मी मायेतला एक धागा काढून जाळून पाहिला होता. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटांत चुरली गेली. तुम्हालाही बघायचं असेल तर तुमच्यासमोर एक धागा काढून देईन. ओढणी मात्र सिल्क नाही, सिंथेटिक ऑर्गेन्झा आहे. काम डबका, नक्षी, कटदाना आणि टिकल्यांचं, हाताने केलेलं. उलट्या बाजूने पाहिलंत तर टाके आणि गाठी दिसतात. जर चांदीची नाही, मुलामा दिलेल्या तारेची आहे. लेहंग्याला बारा कळ्या, खाली सात इंचांची भरगच्च बॉर्डर, वर विरळ होत जाणारे बुट्टे. बॅगा तोलायच्या काट्यावर लेहंगा ५ किलो २०० ग्रॅम भरला. हे वजन कमरेवर येतं, त्यामुळे पाठीचा त्रास असेल तर आधी घालून, थोडं चालून बघा.

आता माया. दुकानातून आणला तेव्हा कंबर ३४ इंच होती. लग्नासाठी दोन्ही बाजूंनी घेऊन ३० केली. नाशिकच्या आधी, नोव्हेंबर २०२३ मध्ये, सोडून ३२ केली. आज कंबर ३२ आहे. एक इंचही कापड कापलेलं नाही, सगळं आत दुमडून हातशिलाईने धरलेलं आहे. ३४ पर्यंत आरामात सुटेल, ताणून ३५ होईल, त्यापुढे नाही. आतली माया बाहेरच्या कापडापेक्षा किंचित गडद आहे, कारण तिला उजेड लागला नाही. कमरेखाली चार-पाच इंचांत तो फरक दिसेल, पुढे घेरात कळत नाही.

आणखी एक गोष्ट तुमच्या शिंप्याला दाखवा. रॉ सिल्कवर सुईची भोकं पूर्ण बुजत नाहीत. ३० च्या टिपेची बारीक रेघ दोन्ही बाजूंना, शिवणीपासून अर्ध्या इंचावर, आजही जवळून पाहिल्यास दिसते. ३४ केलीत तर ३२ ची रेघही दिसेल. डावीकडे ओढणी खोचली तर ती बाजू झाकली जाते, उजवी उघडी राहते. माझ्या शिंप्याने त्या रेघेवर चार-पाच टिकल्या टाकायचं सुचवलं होतं, मी केलं नाही.

कमी करायची असेल तर २९ पर्यंत जा. त्याखाली शिवण बुट्ट्यांवर चढते आणि आत कापडाचा गठ्ठा होऊन कंबर फुगते. चेन डाव्या बाजूला आहे, वर दोन हुक, शिवाय नाडी. नाडी मी मुद्दाम घालून घेतली, कारण एवढं वजन नुसत्या हुकांच्या भरवशावर सोडणं मला सुरक्षित वाटलं नाही.

उंची कमरेपासून जमिनीपर्यंत ४१ इंच. मी ५ फूट ३ इंच आहे आणि अडीच इंची टाचेवर घातला होता. खाली बॉर्डर असल्यामुळे खालून ना वाढवता येतो ना कमी करता येतो. वरच्या पट्ट्यात एक इंच दडलेला आहे, तेवढा वाढेल. कमी करायचा तर पट्टा उसवून वरून कापायचा, जास्तीत जास्त अडीच इंच. पण कळ्या वर निमुळत्या असतात, त्यामुळे वरून कापलं की कंबर आपोआप रुंद होते आणि प्रत्येक कळी थोडी थोडी घ्यावी लागते. हे एका दिवसाचं काम नाही. तारीख जवळ असेल आणि तुमची उंची पाच फुटांच्या आत असेल, तर मनापासून सांगते, दुसरा लेहंगा बघा.

ब्लाऊज छातीला ३५ आहे. दोन्ही बाजूंच्या शिवणींत मिळून दोन इंच माया आहे, म्हणजे ३७ पर्यंत जाईल. कमी होऊन ३३ पर्यंत येईल. कप शिवलेले आहेत, नको असतील तर अस्तर उसवून काढता येतात. बाही कोपरापर्यंत, दंडघेर साडेअकरा इंच. इथे फक्त अर्धा इंच मिळेल, कारण बाहीवरचं काम शिवणीपर्यंत आलेलं आहे. ज्यांचा दंड बारा इंचांपेक्षा जास्त आहे, त्यांना बगलेत त्रिकोणी तुकडा जोडावा लागेल. त्यासाठी तळहाताएवढं मूळ कापड माझ्याजवळ आहे, ते सोबत देईन. मागचा गळा आठ इंच खोल, डोरी आणि लटकन. एका लटकनातले दोन मणी हरवले आहेत.

अस्तर: लेहंग्यात बाहेरून आत असे थर आहेत. रॉ सिल्क, त्याला क्रेपचं अस्तर, मग तीन पदरी कॅनकॅन, आणि सगळ्यात आत सुती अस्तर. हे आतलं मूळचं नाही. मूळचं सॅटीनचं होतं, घसरायचं आणि पायाला चिकटायचं. नाशिकला नाचताना टाच अडकून ते खालून चार इंच फाटलं. जानेवारी २०२४ मध्ये ते पूर्ण काढून सुती घातलं. कापड आधी भिजवून वाळवून घेतलं होतं, त्यामुळे आता आटणार नाही. क्रेपच्या अस्तराला काही झालेलं नाही. कॅनकॅनचा सगळ्यात खालचा पदर मऊ पडला आहे, घेर नव्यासारखा फुलत नाही. हवा असल्यास तेवढा पदर बदलून घ्या. आतलं अस्तर खाली मोकळं ठेवलं आहे, त्यामुळे शिंप्याला हात घालता येतो. ब्लाऊजचं अस्तर मूळचंच, सुती. बगलेत घामाचे पॅड लावून घातला होता, तरी उजव्या बगलेत अस्तरावर रुपयाएवढा पिवळट डाग आहे. बाहेर सिल्कवर उमटलेला नाही.

साफसफाई: मार्च २०२३ मध्ये तिन्ही कपडे ड्रायक्लीन केले. त्या वेळी एका दुकानात ओढणीच्या टिकल्यांवर गरम इस्त्री थेट फिरवली गेली. एका टोकाला तळहाताएवढ्या भागातल्या टिकल्या सुरकुतल्या आहेत. मला फार वाईट वाटलं होतं, पण बदलायला गेले असते तर ऑर्गेन्झा फाटला असता. ते टोक मागे सोडलं तर फोटोत येत नाही. दुसऱ्या खेपेला, जानेवारी २०२४ मध्ये, ड्रायक्लीनला दुसरीकडे दिलं आणि सांगून इस्त्रीऐवजी फक्त वाफ मारून घेतली. सुती अस्तर त्यानंतर घातलं. ब्लाऊज एप्रिलच्या कार्यक्रमानंतर तिसऱ्यांदा ड्रायक्लीन झाला. लेहंगा कधीही पाण्यात घातलेला नाही.

राहिलेले डाग असे: ओढणीच्या मध्यावर, डोक्यावर येते तिथे, कुंकवाची फिकट गुलाबी छटा. दोनदा ड्रायक्लीन होऊनही गेली नाही. अबोली रंगामुळे दिव्यात कळत नाही, दिवसा उन्हात कळते. लेहंग्याच्या बॉर्डरखालच्या पाइपिनला मागच्या बाजूने काळसर मळ आहे, जमिनीवर घासल्याचा. कमरेपाशी दोन बुट्ट्यांची जर थोडी काळवंडली आहे, तिथे घाम लागला. हळदीचा किंवा तेलाचा डाग कुठेही नाही. कटदान्याचे काही मणी गळले आहेत, मला मोजून अकरा जागा सापडल्या. दुकानाने दिलेली जास्तीच्या मण्यांची पुडी तशीच आहे.

ठेवण्याबद्दल: जुन्या धुतलेल्या मलमलीत गुंडाळून आडवा ठेवला आहे. टांगला नाही, एवढ्या वजनाने कंबर ताणली जाते. प्लॅस्टिकच्या पिशवीत कधी ठेवला नाही. डांबराच्या गोळ्या वापरलेल्या नाहीत, त्यामुळे वास नाही. दर तीन-चार महिन्यांनी घडी बदलते, पावसाळ्यात ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवते. तुम्ही घातलात तर अत्तर किंवा स्प्रे आधी अंगाला लावून सुकू द्या, मग कपडे चढवा. जरीवर फवारू नका.

किंमत १७,५००, त्यात मण्यांची पुडी, जादा कापड आणि मलमलीचं गुंडाळण आलं. वरचे सगळे दोष धरूनच ठरवली आहे, त्यामुळे फार घासाघीस करू नये ही विनंती. ज्यांना कंबर किंवा दंड सोडून घ्यायचा आहे त्यांना शिलाईपोटी एक हजार कमी करीन. बाजूच्या शिवणी, बगलेतला डाग, सुरकुतलेल्या टिकल्या आणि कुंकवाची छटा यांचे उन्हात काढलेले जवळचे फोटो सोबत आहेत, त्यात रंग जसा आहे तसाच आला आहे.

बघायला शनिवार-रविवार सकाळी दहानंतर या. कार्यक्रमाला घालणार आहात त्याच चपला आणा, आणि जमलं तर तुमच्या शिंप्याला किंवा शिवणकाम कळणाऱ्या कोणालातरी सोबत आणा. आतलं अस्तर उघडून माया दाखवीन, हवं तितका वेळ घ्या. घालून बघायला आरसा आणि वेगळी खोली आहे. पुण्याबाहेर पाठवायचा असल्यास खोक्यात भरून विमा उतरवून कुरिअर करीन, तो खर्च तुमचा. त्याआधी व्हिडिओ कॉलवर टेप लावून प्रत्येक माप दाखवीन. तुमच्या अंगाची कंबर, छाती, दंडघेर आणि टाचेसकट उंची एवढी चार मापं आधी मेसेजवर कळवा. होणार नसेल तर तसं तेव्हाच सांगेन, म्हणजे तुमची खेप वाया जाणार नाही.