कुर्ता मागवण्याआधी: तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

पोस्ट 1: पार्सल कधी येणार?

गणपती जवळ आले की आमच्या मेसेजबॉक्समध्ये रोज तेच चार प्रश्न येतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतेय.

"ताई, आज ऑर्डर दिली तर कधी मिळेल?"
दुपारी 1 च्या आत ऑर्डर आली तर त्याच दिवशी पार्सल निघतं, नंतरची दुसऱ्या दिवशी. इंदूर शहरात 1 ते 2 दिवस. वडोदरा, भोपाळ, उज्जैन 3 दिवस. पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर 4 ते 5 दिवस. कोकणातली लहान गावं किंवा गडचिरोलीचा आतला भाग असेल तर 8 दिवस धरा. जिथे कुरिअर जात नाही तिथे आम्ही स्पीड पोस्टने पाठवतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

रविवारी पिकअप नसतो. आणि इंदूरचे दोन दिवस बाहेरच्यांना माहीत नसतात. रंगपंचमीला राजवाड्याकडे गेर, म्हणजे रंग उधळत जाणारी मिरवणूक, निघते आणि अनंत चतुर्दशीच्या रात्री झांक्या. त्या दिवशी कुरिअरची गाडी आमच्याकडे पोचतच नाही, आणि खरं सांगायचं तर आम्हीही घरात नसतो.

"गणपतीला घालायचाय, नक्की मिळेल ना?"
स्थापनेच्या 10 दिवस आधी ऑर्डर द्या. 4 दिवस आधी दिलीत तर आम्ही पाठवू, पण शब्द देणार नाही. मागच्या वर्षी ठाण्याच्या एका काकूंना "होऊन जाईल" म्हणून बसले. पार्सल गौरीविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पोचलं. काकू रागावल्या नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. तेव्हापासून "होऊन जाईल" बंद.

"मी घरीच होते, तरी 'दार बंद होतं' असा मेसेज आला."
होतं असं, आणि चीड येते हे मान्य. त्याच दिवशी आम्हाला कळवा, आम्ही दुसरा फेरा लावून घेतो. पार्सल हातात येण्याआधी कोणी फोन करून ओटीपी मागितला तर देऊ नका. तो ओटीपी कधीकधी "ग्राहकाने नाकारलं" यासाठी असतो, आणि तुमचा कुर्ता उलट्या पावली इंदूरला येतो.

"कॅश ऑन डिलिव्हरीला 50 रुपये जास्त का?"
कारण पार्सल घेतलं नाही तर जाण्याचं आणि येण्याचं, दोन्ही भाडं आमच्याच खिशातून जातं.

पोस्ट 2: माप (ही नीट वाचा, बाकीच्या दोन नाही वाचल्या तरी चालेल)

परत येणारे बहुतेक कुर्ते कापडामुळे येत नाहीत, मापामुळे येतात. आणि माप चुकतं ते एकाच ठिकाणी: अंगाचं माप आणि कुर्त्याचं माप यात.

"माझी छाती 40 आहे, म्हणजे 40 चा घेऊ?"
आमच्या तक्त्यात लिहिलेलं माप कुर्त्याचं आहे, तुमचं नाही. 40 इंची अंगावर 40 इंची कुर्ता चढवलात तर श्वास घेताना बटणं बोलायला लागतील. अंगाच्या मापात 3 ते 4 इंच मोकळीक धरावी लागते. म्हणजे 40 छातीला 44 चा कुर्ता, आमच्याकडे तो डबल एक्सेल. अक्षरं बघून घाबरू नका. एका दुकानाचा लार्ज दुसऱ्याचा मीडियम असतो, इंच मात्र सगळीकडे सारखेच.

"मग टेप कशी लावू? माझं माप घ्यायला घरी कोणी नाही."
अंगाला टेप लावूच नका. तुमचा सगळ्यात आवडता, बरोबर बसणारा कुर्ता कपाटातून काढा. पलंगाची गादी दबते, म्हणून जमिनीवर किंवा डायनिंग टेबलवर पसरा. हाताने सुरकुत्या सारा, पण कापड ओढू नका. आता एका बगलेच्या शिवणीपासून दुसऱ्या बगलेच्या शिवणीपर्यंत सरळ टेप धरा. समजा 21 आलं, तर दुप्पट 42. हेच तुमचं माप, तक्त्यात 42 शोधा, संपलं.

तसंच आणखी तीन मापं घ्या: खांदा, बाही आणि जिथे बाजूचा कट सुरू होतो तिथली रुंदी. ही शेवटची कोणी घेत नाही आणि तिथेच घोटाळा होतो. छातीत मस्त बसलेला कुर्ता बसताना सीटवर ताणतो आणि कट फाकतो. दोन मापांच्या मध्ये असाल तर मोठं घ्या. आत घेणं कोणत्याही टेलरला सोपं. बाहेर काढायला मात्र माया लागते. आमचे मास्टरजी दोन्ही बाजूंना एक-एक इंच माया ठेवतात, त्यामुळे थोडं सैल करता येतं. मुंढा मात्र वाढत नाही, तो आधीच बघा.

"उंची 44 म्हणजे कुठपर्यंत येतो?"
लेडीज कुर्ता पाच फूट चार इंचाच्या बाईला साधारण पोटरीपर्यंत. माझ्या सासूबाई पाच फुटांच्या आत आहेत, त्यांना घोट्याच्या थोडा वर येतो. त्यांनी खालून 4 इंच दुमडून घेतला आणि तोच आता सगळ्या भिशीला घालून जातात.

"धुतल्यावर आटेल का?"
सुती कापड आम्ही शिवायच्या आधी भिजवून वाळवतो, त्यामुळे मोठी आट आधीच निघून जाते. थोडीफार राहते, पहिल्या धुण्यात उंचीला अर्धा इंच धरा. माहेश्वरीत रेशीम आणि सूत दोन्ही असतं, ती पहिल्यांदा ड्रायक्लीन करा. बाग प्रिंटचा लाल रंग पहिले दोन-तीन वेळा पाण्यात उतरतो. वेगळी, थंड पाण्यात धुवा. पांढऱ्या बनियनसोबत बादलीत टाकलात तर बनियन गुलाबी होईल आणि तो आम्ही परत घेत नाही.

पोस्ट 3: परत करायचाय

"आवडला नाही तर?"
मिळाल्यापासून 7 दिवसांत कळवा. घालून आरशासमोर बघा, बसून बघा, हात वर करून बघा, काही हरकत नाही. फक्त टॅग काढू नका, धुऊ नका, उंची कमी करू नका. अत्तराचा वास आणि सेफ्टी पिनची भोकं आम्हाला लगेच कळतात.

माप बदलायचं असेल तर पहिली वेळ फुकट, दोन्ही बाजूचं भाडं आमचं. पैसे परत हवे असतील तर परतीच्या भाड्याचे 80 रुपये कापतो. चूक आमची असेल, म्हणजे डाग, उसवलेली शिवण, भलताच रंग, तर एक रुपयाही कापत नाही. त्यासाठी व्हिडिओचा हट्ट नाही, एक फोटो पुरे.

हातमागावर मध्येच एखादा जाड धागा किंवा ठशाची थोडी सरकलेली कड दिसली तर तो दोष नाही. हाताचं काम असंच दिसतं. तरी डोळ्यांना खुपत असेल तर पाठवून द्या, वाद घालणार नाही.

"पैसे कधी येतील?"
कुर्ता आमच्याकडे पोचला की 2 दिवसांत यूपीआयवर. कार्डने भरले असतील तर बँक 5 ते 7 कामाचे दिवस घेते. पैसे मिळवायला पिन टाकावा लागत नाही आणि क्यूआर स्कॅन करावा लागत नाही. आमच्या नावाने कोणी तसं सांगितलं तर फोन ठेवा आणि ज्या नंबरवरून ऑर्डरचा मेसेज आला होता त्यावर आम्हाला विचारा.

"आमच्याकडे पिकअप येत नाही."
स्पीड पोस्टने पाठवा, पावतीचा फोटो टाका, 100 रुपयांपर्यंत खर्च आम्ही देतो.

"इंदूरला आलो तर येऊन बघता येईल?"
या की. घर राजेंद्रनगरमध्येच आहे, दुपारी 4 नंतर, आधी मेसेज टाकून. जुना कुर्ता सोबत आणा, टेप आमच्याकडे आहे.